दीड वर्षाचा परवाना हाती, पण नोकरी देणारा कोण?

औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या कामाला आलेला खेड्यातला माणूस परतताना पोरांच्या वह्या-पुस्तकांचे गाठोडे घेऊन जातो, हे चित्र जुनेच आहे. आता त्याच्या पिशवीत आणखी एक कागद असतो. परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराने दिलेला, रंगीत, गुळगुळीत. त्यावर इंग्लंडमधल्या एखाद्या विद्यापीठाचे नाव, एका वर्षाच्या एम.एस्सी.ची फी आणि खाली ठळक अक्षरात ‘शिक्षणानंतर काम करण्याची मुभा’. बापाचा प्रश्न मात्र एकच असतो, “म्हंजी नोकरी लागंल ना तिकडं?”

या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर नसते. काम करण्याची मुभा सरकार देते, नोकरी मालक देतो, आणि या दोघांचे हिशेब अगदी वेगळे आहेत. जमिनीचा तुकडा विकण्याआधी हा फरक समजून घेतला पाहिजे.

मुभा किती, कुठवर

ब्रिटनने १ जुलै २०२१ रोजी ‘ग्रॅज्युएट रूट’ नावाचा परवाना सुरू केला. तिथे पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण पुरे करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला त्याने दोन वर्षे राहून काम करण्याची मोकळीक मिळाली. मात्र १ जानेवारी २०२७ पासून जो अर्ज करील त्याला दीडच वर्ष मिळणार आहे. फक्त पीएच.डी. करणाऱ्यांची तीन वर्षे कायम आहेत. सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला जाणारा मुलगा २०२७ च्या अखेरीस निकाल लागल्यावर हा अर्ज करील, म्हणजे त्याच्या वाट्याला अठरा महिनेच येतात. जुन्या कागदावर अजून ‘दोन वर्षे’ छापलेले असेल, तर तो कागद बाजूला ठेवावा.

या परवान्यावर जवळपास कोणतेही काम करता येते आणि मालकाला वेगळी फी भरावी लागत नाही. पण हा परवाना वाढवून मिळत नाही. मुदत संपली की दुसऱ्या व्हिसावर जायचे किंवा घरी परतायचे. कर्ज फेडायला तिथे राहायचे असेल, तर बहुतेकांसाठी तो दुसरा व्हिसा म्हणजे ‘स्किल्ड वर्कर’. खरी अडचण तिथे सुरू होते.

मालक मागे का सरतो

स्किल्ड वर्कर व्हिसासाठी मालकाकडे सरकारचा स्पॉन्सर परवाना लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याला मुलगा कितीही आवडला, तरी ठेवून घेता येत नाही. परवाना काढायला फी आणि काही आठवडे लागतात, नंतर नोंदी ठेवाव्या लागतात. शिवाय दर कामगारामागे ‘स्किल चार्ज’ नावाचा कर आहे. डिसेंबर २०२५ पासून तो मोठ्या कंपनीला वर्षाला १,३२० पौंड आणि लहान कंपनीला ४८० पौंड पडतो. तीन वर्षांसाठी घ्यायचे तर मोठ्या कंपनीचे ३,९६० पौंड आधीच भरायचे. पौंड १२० रुपये धरला तर हे पावणेपाच लाख झाले. कागदपत्र न तपासता बेकायदा माणूस कामावर ठेवल्याचे उघड झाले तर दंड पहिल्या खेपेलाच माणशी ४५ हजार पौंडांपर्यंत जातो. लहान गावातला पंधरा माणसांचा कारखानदार म्हणतो, एवढ्या भानगडीपेक्षा इथलाच पोरगा बरा.

दुसरी आडकाठी पगाराची. जुलै २०२५ पासून या व्हिसासाठी वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार लागतो. नुकत्याच शिकून निघालेल्याला ‘न्यू एंट्रंट’ म्हणून सवलत आहे. त्याला ३३,४०० पौंड किंवा त्या कामाच्या ठरलेल्या दराच्या सत्तर टक्के, यांपैकी जे जास्त ते चालते. काम पदवीच्या दर्जाचेही असावे लागते. दुकानातला सुपरवायझर, गोदामातला शिफ्ट प्रमुख यांत बसत नाही. एप्रिल २०२६ पासून तिथले किमान वेतन तासाला १२ पौंड ७१ पेन्स आहे. त्या दराने आठवड्याला साडेसदतीस तास राबले तर वर्षाला २५ हजार पौंडांच्या आत मिळतात. म्हणजे गोदामात कितीही घाम गाळला, तरी ३३,४०० ची पायरी येत नाही. अठरा महिने पोटापुरते मिळतात आणि मग गाशा गुंडाळावा लागतो.

एका घराचा हिशेब

समजा, फुलंब्री तालुक्यातले एक कुटुंब आहे. चार एकर जमीन, कपाशी, मका आणि थोडे आले. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर असून वाळूजच्या एका कारखान्यात दोन वर्षे तपासणी विभागात आहे. सल्लागाराने मॅनेजमेंटची एम.एस्सी. सुचवली. फी १७ हजार पौंड, म्हणजे सुमारे वीस लाख. लंडनबाहेर राहायचे तर व्हिसासाठी महिना सुमारे १,१७० पौंड या हिशेबाने नऊ महिन्यांचा खर्च खात्यावर सलग २८ दिवस दाखवावा लागतो, म्हणजे आणखी साडेबारा लाखांच्या वर. तिकीट, व्हिसा, आरोग्य अधिभार धरून ३५ लाखांकडे आकडा जातो.

बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपुढे तारण लागते. इथे शेतकरी अडतो, कारण सातबाऱ्यावरची जमीन बहुतेक बँका घेत नाहीत. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. कर्ज थकले तर बँकेला कोर्टाची पायरी न चढता ती विकता येत नाही. म्हणून बँक अकृषक प्लॉट किंवा शहरातले घर मागते. ते नसेल तर जास्त व्याजाचे खासगी कर्ज, नाहीतर जमिनीची विक्री. ३० लाख रुपये साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना ४० हजारांच्या वर बसतो. शिकत असतानाचे व्याज वेगळेच.

आता नोकरीचे वेळापत्रक पाहू. मुलगा सप्टेंबर २०२६ मध्ये तिथे उतरतो. त्याला वाटते, आधी अभ्यास, मग नोकरी बघू. पण तिथल्या अनेक मोठ्या कंपन्या पुढच्या वर्षीच्या भरतीचे अर्ज त्याच सप्टेंबर ते नोव्हेंबरात मागवतात. तो खोली शोधत असतो तेव्हाच ही दारे बंद होऊ लागतात. उन्हाळ्यात प्रबंध लिहून झाल्यावर तो अर्ज करायला बसतो, तोवर वर्ष गेलेले असते.

यात सहसा कुणी न सांगणारी एक बाब आहे. विद्यार्थी व्हिसा चालू असतानाच मुलाला नोकरी मिळाली आणि तो थेट स्किल्ड वर्करवर गेला, तर मालकाला वर सांगितलेला स्किल चार्ज माफ असतो. तोच मुलगा आधी ग्रॅज्युएट परवान्यावर गेला आणि तिथून वळला, तर मालकाला तो भरावा लागतो. अभ्यासक्रम सप्टेंबर २०२७ मध्ये संपला तरी एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी व्हिसा पुढे चार महिने असतो, म्हणजे जानेवारी २०२८ पर्यंत. एवढ्या अवधीत मालक भेटला तर मुलाखतीत हे त्याच्या कानावर घालावे. पुष्कळ लहान मालकांना ते ठाऊक नसते.

अवधी टळला तर ग्रॅज्युएट परवाना घ्यावाच लागतो. मग मुलाखतीत विचारतात, पुढे स्पॉन्सर लागेल का? “आज लागणार नाही, अमुक महिन्यापासून लागेल” असे खरे सांगावे. लपवून नोकरी मिळाली तर सतराव्या महिन्यात मालक हात वर करतो. पगाराच्या सवलतीची चार वर्षेही ग्रॅज्युएट परवान्यापासूनच मोजतात. दीड वर्ष त्यात गेले की कमी पगारावर स्पॉन्सर होण्यासाठी अडीच वर्षे उरतात. त्यापुढे पूर्ण पगार दाखवावा लागतो.

चाळणी घरीच लावा

मालक मिळेल की नाही, याचा अंदाज फी भरण्याआधी घरी बसून घेता येतो. ब्रिटन सरकारच्या gov.uk या स्थळावर “Register of licensed sponsors: workers” नावाची यादी फुकट पाहायला मिळते. तीत कंपनीचे नाव, गाव, दर्जा आणि व्हिसाचा प्रकार असतो. दर्जा ‘ए’ आणि प्रकार स्किल्ड वर्कर असला पाहिजे. यादीत नाव आहे म्हणजे जागा आहे असे नव्हे. पण यादीतच नसलेली कंपनी आज कुणाला स्पॉन्सर करू शकत नाही, हे नक्की.

मुलाला ज्या पदावर काम करायचे आहे, त्या पदाच्या आजच्या तीस जाहिराती काढायच्या. ३३,४०० पौंडांखालच्या खोडायच्या. ज्यांची कंपनी यादीत नाही त्या खोडायच्या. ‘स्पॉन्सर करणार नाही’ असे लिहिलेल्या खोडायच्या. उरलेल्यांत त्या कामाचा ठरलेला दर पाहायचा, त्याच्या सत्तर टक्केही पगारात बसले पाहिजेत. नुसत्या मॅनेजमेंटच्या नावाखाली शोधले तर मोघम जागा हाती येतात. तोच मुलगा यंत्रांची गुणवत्ता तपासणी किंवा उत्पादन अभियंता या नावाने शोधील तेव्हा वाळूजची दोन वर्षे त्याच्या बाजूने उभी राहतात. अभ्यासक्रमही मग त्याच अंगाचा घ्यावा. तिसात एक-दोनच उरल्या, तर कर्जाचा धोका फार मोठा आहे असे समजावे. आठ-दहा उरल्या, तर त्या कंपन्यांची नावे वहीत लिहून ठेवावीत आणि पहिल्या सप्टेंबरातच अर्ज टाकावेत.

सल्लागारालाही काही प्रश्न विचारावेत. ब्रिटनमधली विद्यापीठे प्रवेशामागे एजंटांना दलाली देतात. त्यात गैर काही नाही, पण सल्ला देणारा कुणाकडून पैसे घेतो हे बापाला माहीत असावे. गेल्या वर्षी या अभ्यासक्रमाला गेलेल्या दोन मुलांचे फोन नंबर मागावेत आणि त्यांना ‘कुठे कामाला आहेस, पगार किती, व्हिसा कोणता’ एवढेच विचारावे.

कोणी “काही लाख द्या, स्पॉन्सरचे पत्र मिळवून देतो” म्हणाला तर तिथून उठावे. स्किल चार्ज आणि स्पॉन्सर पत्राची फी मालकानेच भरायची असते, ती कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. वृद्धांची देखभाल करण्याच्या नोकऱ्यांचे आमिष दाखवणारेही अजून फिरतात. त्या कामासाठी परदेशातून माणसे घेणे ब्रिटनने २२ जुलै २०२५ रोजी बंद केले आहे.

या चाळणीला तीन-चार संध्याकाळी लागतात आणि मोबाइलपलीकडे काही लागत नाही. जमिनीची इसारपावती करण्याआधी बाप-लेकांनी ती सोबत बसून लावावी आणि उरलेल्या जाहिराती कागदावर मोजाव्यात.