पाकिटावर ४२, गळ्यात ३८

दिवाळीच्या आठवड्यात ऑनलाइन मागवलेला कुडता घरी येतो, अंगावर चढवायला जावं तर खांद्यातच अडकतो. अशा वेळी बहुतेक जण फोन उचलून दुकानाला लिहितात, "साइज चुकीची आली, बदलून द्या." तक्रार खरी असते, मागणी रास्त असते. तरीही पुष्कळदा पुन्हा तोच लहान कुडता येतो, किंवा परत न्यायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जातो. याचं कारण त्या एका ओळीत आहे. चूक नेमकी कुठे झाली हे त्यातून दुकानाला कळतच नाही.

एक उदाहरण घेऊ. पाडव्याला नवऱ्यासाठी म्हणून एका बाईंनी ४२ नंबरचा रेशमी कुडता-पायजमा मागवला. ऑर्डरवर ४२ आहे, बिलावर ४२ आहे, प्लास्टिकच्या पाकिटावरच्या स्टिकरवरही ४२ आहे. पण कुडत्याच्या गळ्यात शिवलेल्या पट्टीवर मात्र ३८. या चार जागा एकदा शेजारी ठेवून पाहिल्या की बरंच काही उलगडतं. गोदामातला कामगार पाकीट फोडून कुडता पाहत नाही. तो पाकिटावरचा बारकोड मशीनने वाचतो, ४२ जुळला की खोक्यात टाकतो. म्हणजे इथे गोदामाची चूक नाही. कुडता घडी घालून पाकिटात भरला गेला, तिथे ३८चा माल ४२च्या पाकिटात गेला आहे. आणि अशी चूक एकाच नगाची असेल असं नाही, कारण पाकिटं गठ्ठ्याने भरली जातात. दुकानाने त्याच गठ्ठ्यातलं दुसरं पाकीट पाठवलं, तर त्यातही ३८च निघू शकतो. म्हणून "बदलून द्या" एवढं पुरत नाही. "पाठवण्याआधी पाकीट उघडून गळ्यातली पट्टी पाहा" हे लिहावं लागतं.

पट्टीवरही ४२ असेल आणि कुडता तरीही घट्ट होत असेल तर? मग टेप काढायची. कुडता सपाट टेबलावर पसरा, सुरकुत्या हाताने सारखा करा आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत मोजा. त्याची दुप्पट म्हणजे कुडत्याची छाती. आता दुकानाच्या साइजच्या तक्त्याशी ताडून पाहा, पण तिथे एक गोष्ट नीट वाचा. काही तक्ते अंगाचं माप देतात, काही तयार कपड्याचं. ४२ नंबरचा कुडता ४२ इंच छातीच्या माणसाला बसावा अशा हिशेबाने शिवलेला असतो, तेव्हा कपडा स्वतः त्याहून चांगलाच सैल हवा. आपल्या उदाहरणातला तक्ता तयार कपड्याची छाती ३८ला ४२ इंच आणि ४२ला ४६ इंच सांगतो. टेबलावर पसरलेला कुडता २१ इंच भरला, म्हणजे छाती ४२. तक्त्यात ही ओळ ३८ची आहे. गळ्यातली पट्टी आणि टेप दोन्ही एकच सांगत असतील तर दुकानाला वाद घालायला जागा उरत नाही. उलट माप ४६ भरलं, तर दुकानाने बरोबर पाठवलं आहे आणि आपलाच अंदाज चुकला आहे. तेव्हाही बदल मागता येतो, पण तो दुकानाच्या धोरणाप्रमाणे. तो मागताना "चुकीचा माल आला" असं लिहू नये.

हा फरक ॲपमध्येही जपायला हवा. परतीची कारणं निवडताना "साइज बसत नाही" आणि "चुकीची वस्तू आली" असे पर्याय सहसा वेगवेगळे असतात. पहिला निवडला की ती तुमची पसंती बदलली असं धरलं जाऊ शकतं. मग कुठे बदलाचे पैसे कापले जातात, कुठे सेलमधला माल बदलत नाही असं उत्तर येतं. इथे दुसराच पर्याय खरा आहे.

आता मेल. विषयाच्या ओळीतच ऑर्डर क्रमांक आणि तक्रार दोन्ही यावीत. खाली मजकूर असा:

"विषय: ऑर्डर क्रमांक (इथे लिहा): ४२ नंबरऐवजी ३८ नंबरचा कुडता आला

नमस्कार,
वरील ऑर्डरमध्ये मी पुरुषांचा रेशमी कुडता-पायजमा, रंग मोतिया, साइज ४२ मागवला होता. आज, १३ ऑक्टोबरला, पार्सल मिळालं. बिलावर आणि पाकिटाच्या स्टिकरवर ४२ आहे, पण कुडत्याच्या गळ्यातल्या पट्टीवर ३८ आहे. काखेपासून काखेपर्यंत माप २१ इंच भरतं, ते तुमच्या तक्त्यातल्या ३८शी जुळतं. स्टिकर, पट्टी, टेप लावलेलं माप आणि बिल असे चार फोटो सोबत जोडले आहेत. कपडा वापरलेला नाही, टॅग लागलेले आहेत.

कृपया ४२ नंबरचा संच २० ऑक्टोबरपर्यंत पोचेल असा पाठवावा. २२ तारखेला पाडवा आहे. त्याच पाकिटांच्या गठ्ठ्यात हीच चूक असू शकते, म्हणून पाठवण्यापूर्वी गळ्यातली पट्टी तपासावी. त्या तारखेपर्यंत देणं शक्य नसेल तर बदल नको, पूर्ण पैसे परत करावेत.

परत नेणाऱ्याच्या यादीत ४२ दिसेल आणि त्याच्या हातात ३८ येईल. या कारणाने त्याने माल नाकारू नये, अशी नोंद करावी.

(नाव, ऑर्डर देताना दिलेला मोबाइल क्रमांक)"

शेवटचा परिच्छेद अनेक जण लिहीत नाहीत आणि तिथेच अडतं. परत न्यायला येणारा मुलगा त्याच्या ॲपवर दिसणारा फोटो, रंग, साइज हातातल्या कपड्याशी ताडून पाहतो. जुळलं नाही तर त्याला माल घेता येत नाही. "वेगळी वस्तू" अशी नोंद होते आणि संशय ग्राहकावर येतो. त्याच्याशी भांडून उपयोग नसतो, त्याला दिलेला नियम तो पाळतो. मूळ पाकीट स्टिकरसकट जपून ठेवावं आणि कुडता त्यातच घालून द्यावा. माल नेल्याचा मेसेज किंवा पावती पैसे मिळेपर्यंत पुसू नये.

या काळात कुडता शिंप्याकडे नेण्याचा मोह टाळा. सैल कपडा आवळता येतो, पण ४ इंच वाढवण्याइतकी माया तयार कपड्याच्या शिवणीत नसतेच. शिवाय एक टाका उसवला की माल परत जाणं कठीण.

दुकानाने नकार दिला तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० तुमच्या बाजूने आहेत. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही, पैसे परत करणंही नाकारता येत नाही. दुसरा नगच द्यावा अशी सक्ती मात्र हा नियम करत नाही, म्हणूनच मेलमध्ये पैशांचा पर्याय हवा. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एक महिन्याच्या आत ती सोडवायची असते. महिना म्हणजे पाडवा उलटून गेला. तारीख घालून लिहिलेल्या मेलवर दुकान पहिल्या दोन-तीन दिवसांत काय म्हणतं, यावरून नवा कुडता जवळच्या दुकानातून आणायचा की वाट पाहायची हे ठरवावं.

त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दुकानाने आपल्या संकेतस्थळावर द्यायलाच हवा. मेल तिथेच पाठवा. "कस्टमर केअर" असं शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करू नका. सणाच्या दिवसांत अशा नंबरांवर भामटे बसलेले असतात आणि पैसे परत देतो म्हणत ओटीपी मागतात. परताव्यासाठी कुणालाही ओटीपी किंवा यूपीआय पिन सांगावा लागत नाही. उत्तर आलंच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि तिथे सांगायला लागणारी प्रत्येक गोष्ट त्या मेलमध्ये आधीच लिहिलेली आहे.