निकालपत्रातले एक वाक्य

निकाल ज्या तत्त्वावर उभा असतो ते रेशिओ, आणि ते पुढच्या न्यायालयांवर बंधनकारक. ओघात केलेले बाकीचे भाष्य म्हणजे ओबिटर. त्याला मान असतो, बंधन नसते. व्याख्या सोपी आहे. निकालपत्र हातात आले की अडचण सुरू होते.

तामिळनाडूत इंडिया सिमेंट कंपनी चुनखडीच्या खाणी चालवत होती. राज्य तिच्याकडून जमीन महसुलावरचा उपकर मागत होते आणि महसुलात खाणीची रॉयल्टीही धरत होते. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी हा उपकर रद्द केला. राज्याला कर लावता येतो तो जमिनीवर. रॉयल्टी ठरते काढलेल्या खनिजावरून, म्हणून तिच्यावरचा उपकर जमिनीवरचा कर होत नाही. शिवाय रॉयल्टीचा विषय केंद्राच्या १९५७ च्या खाण कायद्याने व्यापलेला. पण त्याच निकालपत्रात एक वाक्य येऊन गेले: रॉयल्टी हा कर आहे.

हे वाक्य रेशिओ की ओबिटर? अमेरिकी अध्यापक वॉम्बॉ यांची जुनी कसोटी लावू. वाक्य उलटे करा: रॉयल्टी कर नाही. निकाल बदलतो का? नाही, वरची दोन्ही कारणे तशीच राहतात. म्हणजे वाक्य ओबिटर. मात्र ही कसोटी आंधळेपणाने वापरू नका. निकालाला दोन स्वतंत्र कारणे असतील, तर कोणतेही एक उलटे केले तरी निकाल उभाच राहतो, आणि कसोटी दोन्हींना ओबिटर ठरवते. न्यायालये मात्र दोन्ही कारणांना रेशिओच मानतात.

प्रत्यक्षात पुढची पीठे या वाक्याला बंधनकारक समजत राहिली. २००४ मध्ये केशोराम खटल्यात पाच जणांचे पीठ बसले. सातांचा निकाल पाचांना मोडता येत नाही; शंका असेल तर मोठ्या पीठाची मागणी करावी लागते. म्हणून बहुमताने सांगितले की ती अनवधानाने झालेली चूक आहे, ‘रॉयल्टीवरील उपकर हा कर आहे’ असे म्हणायचे होते. माझ्या मते ही पळवाट होती. वाक्याला ओबिटर म्हणून बाजूला ठेवणे जास्त सरळ झाले असते.

मग सातांचे ऐकायचे की पाचांचे? २०११ मध्ये तीन न्यायमूर्तींनी प्रकरण थेट नऊ जणांकडे पाठवले. २५ जुलै २०२४ रोजी त्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवले की रॉयल्टी हा कर नाही, आणि इंडिया सिमेंटचा निकाल त्या मर्यादेपर्यंत चुकीचा ठरवला. न्या. नागरत्ना यांचे मत वेगळे होते.

परीक्षेत इंडिया सिमेंट आणि केशोराम ही नावे लिहाल तेव्हा पुढे सात आणि पाच हे आकडेही लिहा. कोणता निकाल कोणाला बांधतो, हे त्यांच्यावरूनच ठरते.