आवाजाविना मस्करी

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली ईमेलवरच्या संवादाविषयी काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एका प्रयोगात लोकांना काही विनोद ईमेलने पुढे पाठवायचे होते. पाठवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हे विनोद फक्त वाचले होते. उरलेल्या निम्म्यांनी त्याआधी तेच विनोद एका टीव्ही कार्यक्रमात, सादर करणाऱ्याच्या आवाजात ऐकले होते. ऐकलेल्यांना खात्री वाटली, की समोरच्यालाही हे फार आवडतील. समोरच्याच्या हाती मात्र नुसती अक्षरंच पडली. पाठवणाऱ्याच्या कानात घुमणारा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाशी लाडिक मस्करी करू पाहणाऱ्याची अडचण नेमकी हीच असते. लिहिताना तो स्वतःचा मिश्किल सूर ऐकत असतो, त्यामुळे तो सूर वाक्यात उतरलाच आहे असं त्याला वाटतं. समोरासमोर बोलताना डोळे, ओठांचा कोपरा, मधला क्षणभराचा थांबा यांतून ‘हे मस्करीत आहे’ हे आपोआप कळतं. मेसेजमध्ये ते काम शब्दांच्या क्रमाला आणि निवडीला करावं लागतं.

हे कसं जमतं, ते एका साध्या उदाहरणातून पाहू. कामानिमित्त ओळख झालेले दोघं पहिल्यांदाच एकत्र चहाला भेटले. गप्पा रंगल्या, पण भेट आटोपती झाली. रात्री तिचा मेसेज आला, “पोहोचलास का नीट?” अजून थोडा वेळ मिळायला हवा होता, असं त्याला मनापासून वाटतंय. तो लिहितो, “हो. अजून थोडा वेळ गप्पा मारायला आवडलं असतं, पण तू चहा फारच लवकर संपवलास 😂😂”

हे प्रामाणिक आहे आणि गोडही आहे. पण यात विनोद नाही. मनातलं आधीच सांगून झालंय, त्यामुळे चहाकडे येईपर्यंत तिला शोधून काढण्यासारखं काही उरत नाही. हसणारे दोन चेहरे ती उणीव भरून काढत नाहीत. 1982 मध्ये स्कॉट फालमन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक-संवादात :-) हे चिन्ह सुचवलं, ते मजकूर गमतीत लिहिलाय हे कळावं म्हणून. इमोजी आजही तेच करतो. तो मस्करीवर चिठ्ठी लावतो, पण मस्करी घडवत नाही.

आता दुसरी मांडणी पाहा: “हो, पोहोचलो. पण तुझ्याबद्दल एक तक्रार आहे. चहा फार लवकर संपवतेस.”

‘तक्रार’ हा शब्द वाचताच तिच्या मनात एक अपेक्षा तयार होते. उशीर झाला असेल, काही खटकलं असेल. पुढचं वाक्य त्या अपेक्षेत बसत नाही, कारण चहा लवकर पिणं हा कुणाचा दोष नव्हे. मग ही तक्रार कशी, हे कोडं ती क्षणात सोडवते: चहा संपला म्हणून भेट संपली, आणि ती संपू नये असं याला वाटत होतं. मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी 1972 मध्ये विनोद समजण्याच्या ज्या दोन पायऱ्या मांडल्या, त्या याच. आधी अपेक्षाभंग, मग त्या विसंगतीची उकल. फ्लर्टिंगमध्ये उकल समोरच्या व्यक्तीवर सोडणं फार महत्त्वाचं. ‘मला तू आवडतेस’ हे वाक्य त्याने लिहिलेलं नाही, ते तिने स्वतः जुळवलंय.

त्या ‘तक्रार’ शब्दाचं वजनही नीट तोललेलं आहे. त्याऐवजी “तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय” असं लिहिलं असतं, तर तिच्या पोटात गोळा आला असता, आणि चहाचं नाव वाचून हसू येण्याऐवजी चीड आली असती. पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरेन यांनी 2010 मध्ये मांडल्याप्रमाणे, काहीतरी मोडतंय आणि तरी ते निरुपद्रवी आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवल्या तर हसू येतं. म्हणून मस्करीचा नेम सवयीवर असावा, शरीरावर, वजनावर, रंगावर किंवा घरच्यांवर नसावा. चहा पिण्याचा वेग कुणालाच बोचत नाही.

क्रमाला तर मराठी मदतच करते. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे धक्का वाक्याच्या टोकापर्यंत राखून ठेवणं सोपं जातं. “तू चहा लवकर संपवतेस, ही माझी तक्रार आहे” यात शब्द जवळपास तेच आहेत, पण गंमत मध्येच फुटते आणि शेवटी कोरडं विधान उरतं. मजकुराला आवाजाचा थोडा ओलावा द्यायला मराठीत ‘हं’, ‘बरं का’, ‘म्हणे’ असे शब्दही आहेत. “एक तक्रार आहे हं” यातला ‘हं’ लगेच रागाची शक्यता कमी करतो. मात्र तो सुरुवातीच्या वाक्यात हवा. धक्क्याच्या वाक्यानंतर काहीही जोडलं, की धार बोथट होते.

बोलण्यातला थांबा मेसेजमध्ये कसा आणायचा? अनेक जण दोन वाक्यं दोन वेगळ्या मेसेजमध्ये पाठवतात. ती त्याच क्षणी संवादात असेल, तर हे छान जमतं: पहिलं वाक्य, मग ‘टाइप करत आहे’ची दोन-तीन सेकंदं, मग दुसरं. पण ती ऑनलाइन नसेल तर गणित उलटतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट-यादीत शेवटचा मेसेज दिसतो. म्हणजे ती आधी “चहा फार लवकर संपवतेस” वाचणार, तेही संदर्भाशिवाय. त्यात नेटवर्क मध्येच गेलं, तर तिच्या हाती नुसती तक्रारच उरते. समोरची व्यक्ती ऑनलाइन नसताना दोन्ही वाक्यं एकाच मेसेजमध्ये पाठवणं अधिक सुरक्षित.

पाठवण्याआधी एक चाचणी करून पाहावी. मेसेज मोठ्याने, पण रागीट किंवा तुसड्या आवाजात वाचायचा. तसा वाचल्यावर तो खरोखर अपमान वाटत असेल, तर तो बदलावा. क्रूगर-एपली यांच्या प्रयोगांतही, ज्यांनी आपली वाक्यं अभिप्रेत सुराच्या विरुद्ध सुरात वाचली, त्यांचा फाजील आत्मविश्वास कमी झाला होता. “चहा फार लवकर संपवतेस” हे कितीही खेकसून वाचलं तरी फारसं लागत नाही.

विनोद जमला की नाही, हे उत्तरावरून कळतं. “मग पुढच्या वेळी दोन कप मागवू” असं उत्तर आलं, तर तिने विनोद उचलून पुढे नेला. “गार चहा आवडत नाही मला” हे उत्तर विषय चहापुरताच ठेवतं, आणि ते कुणालाही न अवघडवता देता येतं. चांगल्या रचनेत ही वाट आधीपासून मोकळी ठेवलेली असते. नुसतं “हाहा” आलं, किंवा काहीच आलं नाही, तर विनोद समजावून सांगू नये आणि पुन्हा पाठवू नये.

नकार स्पष्ट झाल्यावरही कुणा स्त्रीशी वारंवार संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो, आणि त्यात मोबाइलवरचा संपर्कही येतो.