औषधांची नावं कशी जुळवतात?

रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात आणखी एक नाव असतं : अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, अ‍ॅटेनोलोल, रॅमिप्रिल. ही नावं कानाला विचित्र वाटली तरी ती वाटेल तशी ठेवलेली नाहीत. प्रत्येक नावाचं शेपूट त्या औषधाचं कूळ सांगतं. नावात ‘ओलोल’ असेल तर ते हृदयाचे ठोके मंदावणारं बीटा ब्लॉकर, ‘सार्टन’ असेल तर दुसरं कूळ. जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ मध्ये अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून हे काम सुरू आहे.

म्हणजे शेवटचा प्रत्यय ठरलेला. कल्पकता चालते ती पुढच्या दोन-तीन अक्षरांत, आणि तिथे सुचेल तसं लिहीत बसण्यापेक्षा अक्षरांच्या याद्या करून त्या एकमेकींशी जोडणं कितीतरी सोपं. समजा, नवं बीटा ब्लॉकर तयार झालं आहे. सुरुवातीसाठी आठ अक्षरं घेऊ, मधल्या जागेसाठी सहा. प्रत्यय स्वरापासून सुरू होतो, म्हणून मधल्या यादीतलं प्रत्येक अक्षर व्यंजनावर संपायला हवं. नाहीतर दोन स्वर एकमेकांवर आदळतात आणि उच्चार अडखळतो. ही नावं रोमन लिपीतच ठरतात, त्यामुळे याद्याही त्याच लिपीत :

```python
a = ["ti","me","na","be","so","ve","du","fi"]
b = ["ran","min","tev","nid","sar","vir"]
for x in a:
    for y in b:
        print(x + y + "olol")
```

क्षणात ४८ नावं पडद्यावर येतात. याद्या करतानाच काही पथ्यं पाळलेली आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार h आणि k ही अक्षरं टाळायची, ph ऐवजी f आणि y ऐवजी i लिहायचा, कारण नाव जगभरच्या भाषांत सारखंच वाचता आणि लिहिता आलं पाहिजे.

आता चाळणी. `vir` हा तुकडा विषाणूविरोधी औषधांचा राखीव प्रत्यय आहे. अ‍ॅसायक्लोव्हिरमध्ये तोच आहे. एका नावात दोन कुळांच्या खुणा नकोत, म्हणून तो असलेली आठही नावं बाद. उरली ४०.

पुढची पायरी म्हणजे जुन्या नावांशी तुलना. एका शब्दाचा दुसरा करायला किमान किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, हे मोजायची रीत रशियन गणिती व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली. `timinolol` मधून मधली दोनच अक्षरं गाळली की काचबिंदूच्या थेंबांतलं `timolol` मिळतं. `nanidolol` मधून दोन गाळली की `nadolol`. दोन्ही फेटाळायची. `metevolol` आणि `metoprolol` यांत अंतर तीनचं, तरीही ते मी ठेवणार नाही : शेपूट सगळ्यांचं एकच असल्यामुळे वेगळेपणाचा सगळा भार पुढच्या अक्षरांवर पडतो आणि इथे तीही `met` अशी सारखीच सुरू होतात.

खरी परीक्षा `veranolol` ची. `verapamil` या जुन्या औषधापासून त्याचं अंतर चार अक्षरांचं, म्हणजे आकड्यात ते सुरक्षित दिसतं. पण डॉक्टर किंवा नर्स संगणकावर पहिली तीन-चार अक्षरं टाइप करून समोर आलेल्या यादीतून औषध निवडतात, आणि `vera` टाइप केल्यावर ही दोन्ही नावं एकाखाली एक येतील. दोन्ही हृदयाचीच औषधं. व्हेरापॅमिल चालू असलेल्या रुग्णाला चुकून बीटा ब्लॉकर दिलं गेलं तर ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात. म्हणून अंतराच्या आकड्यासोबत सुरुवातीची अक्षरं वेगळी तपासावीच लागतात, आणि नाव कोणत्या औषधाशेजारी येऊन बसेल हेही पाहावं लागतं. व्यापारी नावांच्या बाबतीत अमेरिकेत असं प्रत्यक्ष घडलं आहे : पित्तावरचं लोसेक आणि लघवी वाढवणारं लॅसिक्स यांत गल्लत होऊ लागल्यावर लोसेकचं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं.

यातून तगलेली `dutevolol` किंवा `fisarolol` यांसारखी नावं पुढे तज्ज्ञांकडे जातात. निवडलेलं नाव आधी ‘प्रस्तावित’ म्हणून प्रसिद्ध होतं आणि त्यावर हरकत घ्यायला चार महिने मिळतात. कुणाची हरकत टिकली नाही तरच ते कायम होतं.

याद्यांची रीत वेगवान असली तरी प्रत्ययाची जागा कधीतरी भरतेच. कर्करोग आणि संधिवातावरच्या प्रतिपिंड-औषधांचा ‘मॅब’ हा प्रत्यय तसाच भरला. पूर्वी त्याआधी दोन ठरलेले तुकडे असत : ट्रास्टुझुमॅबमधला ‘टु’ म्हणजे गाठ, ‘झु’ म्हणजे मानवी प्रतिपिंडासारखा बदललेला रेणू. मोकळी राहत ती फक्त सुरुवात, त्यामुळे नावं एकमेकांत मिसळू लागली. २०१७ मध्ये ‘झु’सारखे मूळ सांगणारे तुकडे काढून टाकले, पण तेवढ्याने भागलं नाही. अखेर २०२१ मध्ये नव्या रेणूंसाठी ‘मॅब’ थांबवून त्याच्या जागी ‘टग’, ‘बार्ट’, ‘मिग’ आणि ‘मेंट’ असे चार प्रत्यय आले. जुन्या औषधांची नावं मात्र तशीच ठेवली आहेत.