८,१९० रुपये आले कुठून?

जिमची वर्षाची मेंबरशिप मध्येच सोडणाऱ्याला बहुतेक वेळा असा मेसेज येतो: ‘आपले सदस्यत्व रद्द करण्यात आले असून नियमानुसार देय रक्कम रु. ८,१९० यथावकाश आपल्या खात्यात जमा होईल.’

रक्कम बरोबर असली तरी फोन येतोच. माणसाने ११,४५० रुपये भरलेले असतात आणि जिमला तो तीनच महिने गेलेला असतो. नऊ महिन्यांचे साडेआठ हजारांच्या वर व्हायला हवेत, असं त्याचं गणित. मेसेजमधून त्याला ‘नियम’ कोणता ते कळत नाही आणि ‘यथावकाश’ म्हणजे कधी तेही नाही.

तोच मेसेज असा लिहून पाहा:

‘तुम्हाला ८,१९० रुपये परत मिळतील. ज्या खात्यातून फी भरलीत त्यातच ८ सप्टेंबरपर्यंत जमा होतील.
हिशेब असा:
वर्षाची फी: १०,९५० रुपये
एका दिवसाचे: १०,९५० ÷ ३६५ = ३० रुपये
वापरलेले दिवस: १ जून ते ३१ ऑगस्ट = ९२
उरलेले दिवस: ३६५ − ९२ = २७३
परतावा: २७३ × ३० = ८,१९० रुपये
प्रवेश फीचे ५०० रुपये परत मिळत नाहीत. पावतीवर तसं नमूद आहे.’

ग्राहकाला आधी किती आणि कधी ते हवं असतं, म्हणून ते वर. प्रवेश फी वेगळी दाखवल्यावर मोठा फरक उलगडतो. तरी महिन्यांनी मोजणारा म्हणेल, १०,९५० चे नऊ महिन्यांचे ८,२१२ रुपये ५० पैसे होतात. हे साडेबावीस रुपये कुणी खाल्लेले नाहीत. जून ते ऑगस्टचे दिवस ९२, म्हणजे वर्षाच्या पाव भागापेक्षा थोडे जास्त. म्हणूनच दोन्ही तारखा लिहायच्या आणि शेवटचा दिवस वापरलेल्यात धरलाय हे दिसू द्यायचं.

इथे भागाकार नेमका सुटला. फी १०,००० असती तर दिवसाचे २७ रुपये ३९ पैसे आणि वर काही येतं. ते आधीच २७ करून टाकलं तर परतावा ७,३७१ होतो. खरा ७,४७९ रुपये ४५ पैसे. ग्राहकाचे शंभरावर रुपये बुडाले! पैसे सोडायचे ते शेवटच्या ओळीत, तेही एकदाच.

काही ठिकाणी वापरलेले महिने सवलतीच्या वार्षिक दराने न धरता सुट्या मासिक दराने धरतात. महिन्याचे १,५०० असतील तर तीन महिन्यांचे ४,५०० कापून हातात ६,४५० च येतात. हा उरलेल्या दिवसांचा परतावा नव्हे, वेगळी अट आहे. ती फी घेतानाच पावतीवर हवी. पैसे परत करताना पहिल्यांदा सांगितली, तर मेसेज कितीही नीट लिहिला तरी भांडण होणारच.