साठाव्या दिवशी काय विचारायचं?

नव्या माणसाला रुजू होताना हल्ली बऱ्याच कंपन्या ऑफर लेटरसोबत एक तक्ता देतात. पहिले ३० दिवस काम समजून घ्यायचं, ६० दिवसांपर्यंत ते देखरेखीखाली करायचं आणि ९० दिवसांपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर. तक्ता बनवणं सोपं असतं. तो समोर ठेवून बोलायची वेळ आली की मात्र साहेब विचारतात, "कसं चाललंय? काही अडचण?" उत्तर येतं, "नाही सर, सगळं व्यवस्थित." चहा संपतो, एचआरच्या फॉर्मवर सही होते आणि कोणालाच काही कळलेलं नसतं.

या तीन बैठकींपैकी माझ्या मते मधली सर्वांत मोलाची. तिसाव्या दिवशी दाखवण्यासारखं काम फारसं झालेलं नसतं आणि नव्वदाव्या दिवशी दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो. साठाव्या दिवशी दोन्ही असतं.

समजा, चाकणमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात एक मुलगी रुजू झाली आहे. तिच्या तक्त्यात ६० दिवसांसाठी लिहिलंय, 'सप्लायर फॉलोअप स्वतंत्रपणे करणे.' इथेच पहिली गोची आहे. स्वतंत्रपणे म्हणजे काय, हे कोणी ठरवलेलंच नाही. तिला वाटतं, रोज फोन करतेय म्हणजे जमलं. साहेबांना हवंय ते माल वेळेवर येणं. 'जमलं की नाही' यावर वाद घालण्यापेक्षा साहेबांनी तिला आधीच सांगावं, "तुमच्या शेवटच्या दहा पर्चेस ऑर्डरी घेऊन या, एकेक बघू."

दहा ऑर्डरी टेबलावर आल्या. सहांचा माल वेळेत आला, चारांचा उशिरा. अनेक साहेब इथेच थांबतात आणि शेरा मारतात, 'फॉलोअप वाढवणे आवश्यक.' पण प्रत्येक उशिरामागे नेमकं काय घडलं, हे विचारलं की चित्र पालटतं. चारांपैकी एका ऑर्डरीत चूक तिचीच. सप्लायरने तारीख पुढे ढकलली ती तिने फोनवर ऐकली, पण ईआरपीत बदलली नाही आणि प्रॉडक्शनलाही कळवली नाही. उरलेल्या तीन ऑर्डरींत ड्रॉइंग बदललं होतं. डिझाइन विभागाची रिव्हिजनची मेल एका ग्रुपवर जाते आणि त्या ग्रुपमध्ये तिला कोणी घेतलेलंच नाही. सप्लायर जुन्या ड्रॉइंगवर माल बनवत राहिला. त्यात भर म्हणजे ईआरपीचं लॉगिन तिला मिळालं पाचव्या आठवड्यात. पहिल्या महिन्यात 'पीओ तयार करायला शिकणे' कसं होणार होतं?

एखादं उद्दिष्ट चुकलं की कारण सहसा तीनपैकी एक असतं: माणसाला ते काम येत नाही, कामासाठी लागणारी गोष्ट त्याला मिळालेली नाही, किंवा उद्दिष्टच चुकीचं लिहिलंय. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. मेल मिळत नसलेल्या मुलीला निगोशिएशनच्या ट्रेनिंगला पाठवून काही साधणार नाही.

मग बैठकीतून निघतं ते असं. ग्रुपमध्ये नाव घालणं साहेबांकडे, शुक्रवारपर्यंत. तारीख बदलली की त्याच दिवशी ईआरपीत नोंद आणि प्रॉडक्शनला मेल, हे तिच्याकडे, आजपासून. लॉगिनमुळे जे आठवडे गेले त्यांची भरपाई म्हणून ९० दिवसांच्या यादीतली पॅकिंग मटेरियलच्या दरांची बोलणी पुढच्या तिमाहीत. अशा चार ओळी त्याच संध्याकाळी मेलवर जायला हव्यात. आठवडाभराने दोघांच्या आठवणी जुळत नाहीत.

प्रश्न कसे विचारायचे, यालाही महत्त्व आहे. 'काही अडचण?' याला आपल्याकडे 'नाही' हेच शिष्टाचाराचं उत्तर. "गेल्या आठवड्यात कुठल्या कामात अडकलात आणि कोणाला विचारलंत?" असं विचारलं की माणूस प्रसंग सांगतो. "कोणालाच नाही विचारलं" हे उत्तर आलं, तर तीही माहितीच.

एक मर्यादा मान्य करायला हवी. प्रोबेशन तीन महिन्यांचं असेल तर ९० दिवसांचा तक्ता आणि नोकरी पक्की होणं एकमेकांत अडकतं आणि नवा माणूस अडचणी लपवतो. त्यावर गोडगोड बोलून उपाय होत नाही. कामाबद्दल खरीच शंका असेल तर साठाव्या दिवशीच स्पष्ट सांगावं, की कुठे कमी पडताय, कशावरून म्हणतोय आणि कोणत्या तारखेपर्यंत काय दिसायला हवं. शंका नसेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावं. नव्वदाव्या दिवशी कन्फर्मेशन नाकारल्याचं पत्र पाहून माणसाला धक्का बसत असेल, तर त्याच्या साहेबांनी साठाव्या दिवशीची बैठक घेतलीच नव्हती, असं समजावं, फॉर्मवर सही असली तरी.