दाबला तरी न पुसणारा ठिपका

लावणीचे दिवस आले की भोर-वेल्ह्याच्या खाचरांत माणसं दिवसभर चिखलात उभी असतात. पायांना ओरखडे, डासांचे फोड, बांधावरून घसरून बसलेला मुका मार, हे ठरलेलंच. त्यामुळं कातडीवर लाल-निळं काही दिसलं की ‘उष्णता झाली असेल’ किंवा ‘कुठंतरी लागलं असेल’ म्हणून विषय मिटतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण काही ठिपके कातडीचे नसतात, रक्ताचे असतात. ते कसे ओळखायचे आणि त्यांच्यामागं काय काय दडलेलं असतं, त्याच्या या सात गोष्टी.

१. पहिली तपासणी काचेच्या ग्लासनं

साधा, पारदर्शक काचेचा ग्लास घ्या. लाल ठिपक्यावर तो टेकवून दाबा आणि काचेतून बघा. डास चावल्याची लाली, घामोळं, पित्त या सगळ्यांत रक्त शिरेच्या आतच असतं, फक्त शीर फुगलेली असते. दाबलं की रक्त बाजूला सरकतं आणि लाली जाते. ठिपका तसाच राहिला, तर रक्त केशवाहिनीतून बाहेर पडून कातडीत साकळलंय असं समजायचं. असा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा, सपाट असतो. खाजत नाही, दुखत नाही. बोट फिरवलं तर हाताला काही लागतही नाही.

सावळ्या कातडीवर हे ठिपके सहज दिसत नाहीत. म्हणून खालची पापणी ओढून तिच्या आत बघावं आणि टॉर्च मारून टाळूवर बघावं. तिथं ते स्पष्ट दिसतात.

२. ठिपके आधी पायावर का येतात?

उभ्या माणसाच्या शरीरात रक्ताचा सगळ्यात जास्त दाब घोट्याजवळच्या बारीक शिरांवर येतो. गळती सुरू होते तीही तिथूनच. शाळेतून आलेल्या मुलाचा मोजा काढला की इलास्टिकच्या जागी ठिपक्यांची रांग दिसते, ती याचमुळं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायावर काही नसेल तर पाठ आणि कंबर बघावी लागते, कारण त्याचा भार तिथं असतो.

उलट डांग्या खोकल्यानं किंवा जोराच्या उलट्यांनी फक्त चेहऱ्यावर आणि मानेवर ठिपके उठले, तर ते बहुधा त्या जोरामुळंच फुटलेल्या शिरांचे असतात.

काळ्यानिळ्या डागांनाही जागा असते. खेळत्या मुलाच्या नडगीवर आणि गुडघ्यावर ते असणारच. पोट, पाठ, दंडाची आतली बाजू इथं न लागता डाग येत असतील, तर मात्र तपासायला हवं. आजीच्या हातावर जांभळे चट्टे येतात ते बहुतेकदा वयानं पातळ झालेल्या कातडीमुळं किंवा हृदयासाठी चालू असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळं. ती गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नये. डॉक्टरांना डाग दाखवावेत.

३. बारीक ठिपका वेगळा, मोठा डाग वेगळा

शिरेला भोक पडलं की शरीर ते दोन टप्प्यांत बुजवतं. आधी प्लेटलेट, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिका, धावत येऊन बोळा लावतात. मग रक्तातली प्रथिनं त्यावर जाळं विणून तो बोळा पक्का करतात. पहिल्या टप्प्यात बिघाड असेल तर बारीक ठिपके येतात, हिरड्यांतून आणि नाकातून रक्त येतं. दुसऱ्या टप्प्यात बिघाड असेल तर खोलवर मोठे डाग उठतात, हिमोफिलियात तर गुडघ्याचा सांधाच रक्तानं भरतो.

घोणस चावली की तिचं विष दुसऱ्या टप्प्यातली प्रथिनंच संपवून टाकतं. चावा झाल्यावर हिरड्यांतून रक्त यायला लागणं ही त्याचीच खूण. दवाखान्यात यासाठी एक साधी चाचणी करतात. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त घेऊन ती 20 मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात भिनलंय आणि प्रतिसर्पविष द्यायलाच हवं. नळी काचेचीच लागते, कारण गोठण्याची क्रिया सुरू होते ती काचेच्या स्पर्शानं. प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली नळी चुकीचं उत्तर देते.

४. स्वतःच्या अंगावर ठिपके उठवणारा डॉक्टर

प्लेटलेट अचानक का संपतात, हे 1950 पर्यंत कोडंच होतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरानं अशाच आजाराच्या एका बाईचं सुमारे 500 मिली रक्त स्वतःच्या अंगात चढवून घेतलं. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट 10,000 च्या खाली गेल्या, अंगावर ठिपके आणि डाग उठले, झटकाही आला. चार-पाच दिवसांत प्लेटलेट पुन्हा वाढल्या आणि तो बरा झाला.

त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. बिघाड प्लेटलेट तयार होण्यात नव्हता. त्या बाईच्या रक्तात असं काहीतरी होतं जे दुसऱ्याच्या धडधाकट प्लेटलेटही मारून टाकत होतं. आज आपण त्याला प्रतिपिंड म्हणतो आणि या आजाराला आयटीपी. शरीराचे पहारेकरीच स्वतःच्या प्लेटलेटना शत्रू समजायला लागतात.

५. दोन रिपोर्ट, आकडा एकच

समजा, आठ वर्षांची एक मुलगी आहे. दोन आठवड्यांपूर्वी तिला सर्दी-ताप येऊन गेला. आता ती खेळतेय, जेवतेय, पण पायावर ठिपके आहेत आणि पाठीवर दोन निळे डाग. तिच्या सीबीसी तपासणीत प्लेटलेट येतात 14,000. साधारण दीड ते साडेचार लाख हव्यात. आईच्या पायाखालची जमीन सरकते. पण त्याच कागदावर हिमोग्लोबिन 11.8 आहे आणि पांढऱ्या पेशी 8,200, म्हणजे दोन्ही ठीक.

आता दुसरा मुलगा घ्या. प्लेटलेट तेवढ्याच, 14,000. पण हिमोग्लोबिन 6.4 आणि पांढऱ्या पेशी 46,000. तो पांढराफटक दिसतो, रात्री पाय दुखतात म्हणून रडतो, ताप जात नाही.

रक्ताचा कारखाना हाडांच्या आतल्या मगजात असतो. मुलीचा कारखाना नीट चाललाय. तयार झालेला माल बाहेर मारला जातोय, तेवढंच. हे चित्र आयटीपीचं, आणि अशा दहांपैकी सात-आठ मुलं सहा महिन्यांच्या आत बरी होतात, कित्येकदा औषधाशिवाय. मुलाच्या बाबतीत कारखान्यातच घुसखोरी झाल्याची शंका येते आणि रक्ताचा कर्करोग आहे का ते मगजाच्या तपासणीनं बघावं लागतं. तिन्ही आकडे एकदम कमी असतील, तर बी-12 ची कमतरता किंवा मगज सुकणं याचा विचार करतात.

म्हणून रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघितली जायलाच हवी. ती बघण्याआधी घाईनं स्टेरॉइड सुरू केलं, तर कर्करोगाच्या पेशी काही काळ दबतात आणि खरं निदान लांबतं.

६. कधीकधी यंत्रच चुकतं

सीबीसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. ते गोठू नये म्हणून त्या नळीत एक रसायन असतं. काही जणांच्या प्लेटलेट त्या रसायनामुळं एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. मोजणारं यंत्र गुठळीला प्लेटलेट म्हणून धरत नाही आणि रिपोर्टवर 30,000 छापून येतात, जेव्हा अंगात दोन लाख असतात. माणूस ठणठणीत, अंगावर एकही ठिपका नाही आणि आकडा मात्र घाबरवणारा, असं झालं की आधी काच तपासायला सांगावी. मग निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात.

७. ‘पेशी कमी झाल्या’ म्हणजे नक्की काय?

पावसाळ्यात डेंगीचा रुग्ण निघाला की गावात हेच वाक्य ऐकू येतं, आणि बरेच जण त्या पांढऱ्या पेशी समजतात. कमी झालेल्या असतात त्या प्लेटलेट. डॉक्टर कधीकधी बीपीचा पट्टा वापरून शिरा किती नाजूक झाल्यात ते बघतात. बीपी 120 आणि 80 असेल तर मधला आकडा 100. तिथपर्यंत पट्टा फुगवून 5 मिनिटं ठेवायचा. सोडल्यावर हाताच्या एका चौरस इंचात 10 किंवा जास्त ठिपके उठले, तर डेंगीची शंका वाढते.

डेंगीत खरा धोका मात्र आकड्यापेक्षा शिरांतून पाझरून जाणाऱ्या द्रवाचा असतो, आणि तो ताप उतरत असतानाच वाढतो. सगळे ‘बरं वाटतंय’ म्हणत असताना पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणं, ग्लानी यांवर लक्ष ठेवावं. पपईच्या पानांच्या रसापायी दवाखाना लांबवू नये. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या रक्तस्राव वाढवतात.

सकाळची वाट कधी बघायची नाही

न पुसणाऱ्या ठिपक्यांबरोबर ताप असेल आणि ते बघता बघता पसरत असतील, तोंडात काळपट रक्ताचे फोड आले असतील, पंधरा मिनिटं नाक दाबूनही रक्त थांबत नसेल, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, डोकं फुटेल असं दुखून उलट्या किंवा गुंगी येत असेल, तर त्याच रात्री निघायचं. वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचायचं, गाडी नसेल तर 108 ला फोन करायचा. तिथून गरज पडली तर पुण्याला पाठवतात. प्लेटलेटची पिशवी फ्रिजमध्ये टिकत नाही. ती साधारण 22 अंशांवर सतत हलवत ठेवावी लागते आणि पाच दिवसांत वापरावी लागते, म्हणून छोट्या गावात तिचा साठा ठेवणं अवघड असतं.

यातलं काहीच नसेल, पण ठिपका काचेखाली जात नसेल, तर एक-दोन दिवसांत सीबीसी करून घ्यावी. निघण्याआधी बॉलपेननं ठिपक्यांच्या कडेनं रेघ ओढून शेजारी वेळ लिहा. दवाखान्यात पोचेपर्यंत रेघेबाहेर नवे ठिपके दिसले, तर डॉक्टरांना तेच सगळ्यात आधी दाखवा.